रोज त्रेपन्न रुपये : सुटकेच्या दिवशी गेटवर कुणाचा हिशोब चुकता होतो?



दर १४ एप्रिलला आपल्या नाशिकमधली मंडळं फळांच्या पेट्या घेऊन जेल रोडला जातात. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात कार्यक्रम होतो, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला जातो, दोन भाषणं होतात, फोटो निघतात. मी स्वतः त्या फोटोंमध्ये उभा राहिलेलो आहे. पण त्याच जेलच्या गेटातून शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्या माणसाला घ्यायला आपल्यातला कोण, कधी गेला? जेल रोडला राहणाऱ्या कुणालाही विचारा. सकाळी हातात प्लॅस्टिकची पिशवी धरलेला, अंगावर आत जातानाचेच, आता ढगळ झालेले कपडे असलेला एखादा माणूस बिटको चौकाचा रस्ता विचारतो आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागतो. त्याच्या खिशात किती पैसे आहेत आणि ते तेवढेच का आहेत, हा आजचा विषय आहे.

आधी सुटका कशी होते ते पाहू. सिनेमात तुरुंगाचा दरवाजा उघडतो आणि माणूस आभाळाकडे बघतो. प्रत्यक्षात सुटका कागदावर होते, तीही काही महिने आधी सुरू झालेली असते. शिक्षेच्या वॉरंटवरच्या मुदतीतून कच्च्या कैदेत काढलेले दिवस वजा होतात. चांगल्या वर्तणुकीची आणि कामाची मिळालेली माफी वजा होते. फर्लोवर घालवलेले दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलवर घालवलेले धरले जात नाहीत. हा फरक आपल्या बहुतेक कुटुंबांना माहीतच नसतो. आई वारली म्हणून पॅरोलवर आलेल्या माणसाचे ते दिवस शेवटी जोडून घेतले जातात आणि घरचे म्हणत राहतात, "तारीख तर झाली, मग सोडत का नाहीत?" कोरोनाच्या काळात आपत्कालीन पॅरोलवर सोडलेल्यांचे दिवसही असेच बाजूला पडले.

मग दुसरी चाळणी. या माणसावर दुसऱ्या कुठल्या कोर्टाचं वॉरंट आहे का? असेल तर ही शिक्षा संपूनही तो आतच राहतो. आणि तिसरी, आपल्या माणसांना सगळ्यात जास्त अडवणारी चाळणी म्हणजे दंड. निकालपत्रात शेवटी एक ओळ असते : अमुक वर्षं सश्रम कारावास आणि अमुक हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी इतके महिने. वकिलालाही ती ओळ वाचून दाखवायची गरज वाटत नाही. वर्षांच्या आकड्यापुढे तिच्याकडे लक्ष कुणाचं जाणार? पण सुटकेच्या तारखेला तीच ओळ दार अडवून उभी असते.

हे सगळं पार पडलं की प्रत्यक्ष दिवस उजाडतो. रजिस्टरमधल्या अंगावरच्या खुणा पाहून ओळख पटवली जाते, म्हणजे सुटणारा तोच आहे ना याची खात्री. जेलचे कपडे, ताट, वाटी, कांबळं जमा. आत येताना काढून ठेवलेली चीजवस्तू परत. खात्यावरची शिल्लक हातात, म्हणजे घरून मनीऑर्डरने आलेल्या पैशातलं उरलेलं आणि मजुरीतलं उरलेलं. सही किंवा अंगठा. सुटकेचा दाखला. गावापर्यंतच्या प्रवासाची काहीतरी सोय. गेट. सही करताना रक्कम मोजून, खात्याचा उतारा मागून घेणारा माणूस विरळाच, कारण त्या क्षणी "थांबा, माझा हिशोब दाखवा" असं म्हणण्याची हिंमत कुणाला होणार? एक दिवस उशीर झाला तर, ही भीती असतेच.

आता त्या रकमेकडे येऊ. सश्रम कारावासाची शिक्षा झालेल्याला काम करावंच लागतं. सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, बेकरी, धोबीकाम, शेती, स्वयंपाकघर, सफाई. नाशिकरोडच्या कैद्यांनी घडवलेल्या शाडूच्या गणेशमूर्ती आपल्या शहरातले लोक रांग लावून विकत घेतात, वर्तमानपत्रात त्याच्या कौतुकाच्या बातम्या येतात. या कामाची मजुरी किती? महाराष्ट्रात २०२३ मध्ये ती वाढवण्यात आली. वाढीनंतर कुशल कैद्याला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३. खुल्या कारागृहात ९४. वाढीआधी अकुशल कैद्याला ४८ मिळत होते, म्हणजे पाच रुपयांची ही भेट. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मातीकामाची मजुरी २७३ रुपये होती. जेलमधला अकुशल मजूर हमीवरच्या मजुराच्या पाचव्या हिश्श्याइतकंही कमावत नव्हता.

इथे लगेच कुणीतरी म्हणेल, "गुन्हेगाराला जेवण फुकट, कपडे फुकट, वर मजुरी कशाला?" हा प्रश्न आपल्यातलेही विचारतात, म्हणून उत्तर नीट देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरात राज्याच्या प्रकरणात हा प्रश्न सोडवलेला आहे. न्यायालयाने सांगितलं की सश्रम कैद्याकडून काम करून घेणं बेकायदा नाही, पण त्याला न्याय्य मजुरी देणं बंधनकारक आहे. अन्न आणि कपड्याचा खर्च सरकारने त्यातून कापावा. मजुरी ठरवण्यासाठी राज्यांनी समिती नेमावी. आणि मजुरीतला एक वाटा गुन्ह्याला बळी पडलेल्यांना देता येईल असा कायदा राज्यांनी करावा. म्हणजे "जेवण फुकट" हा आक्षेप न्यायालयाने आधीच हिशोबात धरला आहे. २७३ मधून अन्नकपड्याचे किती कापाल? शंभर कापा. सव्वाशे कापा. दोनशेवीस कापले तरच ५३ उरतात. एका कैद्याच्या रोजच्या अन्नकपड्यावर सरकार २२० रुपये खर्च करतं असं ज्याला वाटतं त्याने एकदा तिथली आमटी खाऊन यावं.

पीडिताच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही हेच सांगायचं आहे. बळीच्या कुटुंबाला आरोपीच्या घामातून वाटा द्यायचा असेल तर आधी त्या घामाला किंमत हवी. ५३ रुपयांतून कुणाला काय देणार?

१९८२ मध्ये, एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी दामात करून घेतलेलं काम ही राज्यघटनेच्या कलम २३ ने मना केलेली वेठ आहे. वेठ हा शब्द आपल्याला पुस्तकातून शिकावा लागत नाही. आपल्या आज्यापणज्यांनी महारकी केली आहे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याचसाठी, की सरकार दिवसरात्र राबवून घेतं आणि मोबदल्यात तुकडाभर जमीन आणि बलुतं दाखवतं. त्या वेळीही सांगितलं जायचं, "त्यांना भाकरी मिळतेच की." १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून किमान वेतनाचं विधेयक मांडणारेही तेच होते. त्यांचं नाव घेणाऱ्या चळवळीने जेलच्या मजुरीवर गप्प बसावं, हे मला पटत नाही.

एक हिशोब करून पाहू. माणूस काल्पनिक आहे, दर खरे आहेत, बाकीचे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत. निफाडकडचा एक शेतमजूर. निकालानंतर पाच वर्षं आत, अकुशल कामावर. रविवार, सुट्टी, आजारपण आणि काम न मिळालेले दिवस सोडून महिन्याला २४ हजेऱ्या धरा. ५३ गुणिले २४ म्हणजे १२७२ रुपये. पाच वर्षांचे ७६,३२०. ऐकायला बरं वाटतं. पण साबण, तेल, टूथपेस्ट, चहा, बिस्किट, घरी फोन यांना कॅन्टीनमध्ये महिन्याला ६०० धरा, काटकसरीने. उरले ६७२. घरी पोरगी शाळेत आहे, तिच्यासाठी महिना ५०० पाठवले. उरले १७२. पाच वर्षांनी शिल्लक १०,३२०.

निकालात दंड आहे दहा हजार, न भरल्यास सहा महिने. आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. सगळी शिल्लक भरून ३२० रुपये खिशात घालून गेटबाहेर यायचं, किंवा शिल्लक वाचवायची आणि अजून सहा महिने आत बसायचं. ज्याच्या घरात दहा हजार आहेत त्याच्यासाठी हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे शेवटचे सहा महिने तो गुन्ह्यासाठी नाही, गरिबीसाठी भोगतो.

यावर उपाय कागदावर आहेत आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असायला हवेत. एक म्हणजे, दंडाचा काही भाग भरला तर त्या प्रमाणात पर्यायी कैद कमी होते. दहा हजारांच्या बदल्यात सहा महिने असतील तर तीन महिने काढून पाच हजार भरले की सुटका. हे नवीन काही नाही, जुन्या दंड संहितेतही होतं आणि नव्या न्याय संहितेतही आहे. दुसरं म्हणजे, केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी मदतीची योजना आणली. २०२३ च्या मूळ नियमांत दंड भरता न आल्याने अडकलेल्या शिक्षाबंद्यासाठी २५ हजारांपर्यंत आणि जामीन भरता न येणाऱ्या कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत रक्कम सरकारने कोर्टात भरायची होती. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीचा, मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा. काही विशेष कायद्यांखालच्या कैद्यांना ती लागू नाही. पण चोरी-मारामारीच्या गुन्ह्यात दहा हजारांसाठी अडकलेल्या आपल्या शेतमजुराला ती लागू होते. फक्त त्याचं नाव त्या समितीपुढे जायला हवं, आणि ते सुटकेच्या तारखेनंतर नव्हे, दोन-तीन महिने आधी जायला हवं. माणसाच्या भावाने जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात एक साधा अर्ज देऊन पोच घेतली तरी कागद हलतो. भावाला हे सांगणार कोण? तिथेच चळवळ लागते.

आता या हिशोबातली एक जागा मी मुद्दाम मागे ठेवली होती. तो माणूस अकुशल का? ७४ ऐवजी ५३ च का? कुशल आणि अकुशल यांच्यात दिवसाला २१ रुपयांचा फरक. २४ हजेऱ्या, ६० महिने. पाच वर्षांत ३०,२४० रुपये. त्याला सुतारखान्यात घेतलं असतं तर तो दंड भरूनही तीस हजार घेऊन बाहेर पडला असता, आणि हातात एक कसबही असतं.

आत कुणाला कुठलं काम मिळतं, हा प्रश्न जातीचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मान्य केलं. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा तो निकाल प्रत्येक भीमसैनिकाने वाचावा. अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमध्ये सफाई कुणी करायची आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून लिहिलेलं होतं. स्वातंत्र्याला ७७ वर्षं झाल्यानंतर! न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि नियमावल्या दुरुस्त करायला तीन महिने दिले. चांगलं झालं. पण नियमावलीतून ओळ खोडली म्हणून बॅरेकमधली सवय खोडली जात नाही. झाडू हातात देताना आडनाव विचारायला नियमावली लागत नाही. आणि झाडूचा दर अकुशलचा आहे. म्हणजे गावात ज्या जातीने तुम्हाला झाडूपाशी नेलं तीच जात जेलमध्ये तुमचा रोज ठरवते, आणि तो रोज ठरवतो की सुटताना तुमच्या खिशात काय असेल. त्यामुळे त्या निकालाची खरी तपासणी नियमावलीच्या पुस्तकात होणार नाही. ती मजुरीच्या रजिस्टरमध्ये करावी लागेल. कुशल, अकुशल असे किती कैदी कुठल्या विभागात आहेत, महिन्याला किती हजेऱ्या भरल्या, किती मजुरी वाटली, हे माहिती अधिकारात मागता येतं. व्यक्तीची नावं मागू नका, विभागवार आकडे मागा. नावं मागितली की अर्ज खासगी माहितीच्या सबबीवर फेटाळला जातो.

मजुरीतून घर चालत नाही हे सरकारलाही दिसतं. म्हणून २०२२ मध्ये येरवड्यात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू झाली. कैद्याला जामीनदाराशिवाय ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, फेड मजुरीतून. खासगी सावकारापेक्षा बरंच बरं, आणि पोराच्या फीसाठी कुणी ते घेतलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ५३ रुपये रोजाच्या माणसाने ती कमाल रक्कम घेतली तर व्याज न धरताही त्याची संपूर्ण मजुरी ३९ महिने त्यात जाते. ज्याला त्याच्या कामाचा दाम द्यायला हवा त्याला कर्ज देणं, ही सालगड्याला उचल देण्याची रीत आहे. आपल्याला ती चांगली ओळखीची आहे.

बाहेर आल्यावर काय? राज्यात महिला व बालविकास विभागाच्या अखत्यारीत जिल्हा परिविक्षा अधिकारी असतात. सुटलेल्या बंद्याचं पुनर्वसन हा त्यांच्या कामाचा भाग आहे आणि छोटा धंदा उभा करायला मुक्त बंद्यांना अर्थसाहाय्याची तरतूदही आहे. सुटकेचा दाखला, आधार, बँक खातं, रहिवासाचा पुरावा आणि काय धंदा करणार याचा कागद, एवढं घेऊन त्या कार्यालयात जायचं असतं. इथेच गाडी अडते. सात वर्षं आत असलेल्याचं रेशनकार्डावरचं नाव कमी झालेलं असतं, मोबाईल नंबर बंद पडलेला असतो, त्यामुळे आधारचा ओटीपी कुठेच येत नाही, बँक खातं निष्क्रिय झालेलं असतं. सुटकेनंतर हे गोळा करायला दोन-तीन महिने जातात, आणि ३२० रुपये दोन-तीन महिने पुरत नाहीत. तोपर्यंत अंबड-सातपूरच्या ठेकेदाराने पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितलेला असतो आणि माणूस सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहायला लागलेला असतो. तो पारधी किंवा वडार असेल तर जवळपास कुठे चोरी झाली की पहिली गाडी त्याच्याच पालावर येते. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, हे पोलीस ठाण्यातल्या काहींना अजून कळलेलं नाही.

मी दोषींबद्दल बोलतोय, तरी निर्दोषांचं एक उदाहरण दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि खुनांची भयंकर घटना घडली. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. हे गरीब, भटके मजूर आहेत आणि त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाचं न्यायालयाने नोंदवलं. राज्य सरकारने पुनर्वसनासाठी प्रत्येकी पाच लाख द्यावेत, असा आदेश दिला.

पाच लाख ऐकून कुणी म्हणालं, "बरे मिळाले की." सुमारे सोळा वर्षांनी भागा. दिवसाला नव्वद रुपयांच्या आत येतात. २०२३ च्या वाढीनंतरच्या खुल्या कारागृहातल्या मजुरीपेक्षा कमी. राज्याने निर्दोष माणसाच्या आयुष्याच्या एका दिवसाची जी किंमत दिली ती साधारण तिथल्या मजुरीएवढी भरली. म्हणून म्हणतो, तो ५३ चा आकडा फक्त दोषींचा नाही. या व्यवस्थेत आपल्या माणसाचा दिवस कितीला जातो, त्याचा तो भाव आहे. संसदेतल्या २०२१ च्या सरकारी उत्तरानुसार देशातल्या कैद्यांपैकी जवळजवळ ६६ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी आहेत.

तेव्हा मंडळांकडे माझं मागणं फळांच्या पेट्यांपुरतं नाही. आपापल्या वस्तीतले किती जण शिक्षा भोगत आहेत याची वही करा. प्रत्येकाच्या निकालपत्राची शेवटची ओळ वाचा आणि दंडाचा आकडा लिहून ठेवा. सुटकेच्या तीन महिने आधी घरच्यांना मुलाखतीला पाठवून तारीख, माफीचे दिवस आणि खात्यावरची शिल्लक विचारून घ्या. विधी सेवा प्राधिकरणात दंडाच्या मदतीचा अर्ज द्या. रेशनकार्ड आणि मोबाईल नंबर तो आत असतानाच जिवंत ठेवा, घरातल्या कुणाच्या तरी नावावर रिचार्ज चालू राहू द्या. परिविक्षा अधिकाऱ्याला सुटकेआधी भेटा. आणि त्या सकाळी दोघंजण जेल रोडला जा. हार नको. एक मोटारसायकल, डबा आणि सुटकेच्या दाखल्याच्या चार झेरॉक्स काढायला पुरतील एवढे पैसे.

आमच्या वस्तीची वही मागच्या महिन्यात सुरू केली. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत. त्यातल्या चौघांच्या घरी निकालपत्राची प्रतच नव्हती, आणि सहाजणांच्या घरच्यांना दंड किती हे माहीत नव्हतं. एका आजीला मी दंडाचं विचारलं तर म्हणाली, "दंड? तो तर जेलातच भरून होतो ना रं बाबा?"

जय भीम.